किलवर कुणाचं? पत्त्यांच्या भाकितविद्येची प्रस्तावना

मेंढीकोट खेळणाऱ्या माणसाला टॅरो समजावून सांगायला वेळ लागत नाही, कारण हुकूम म्हणजे काय हे त्याला माहीत असतं. टॅरोच्या ७८ पत्त्यांपैकी ज्या २२ चित्रांभोवती आज गूढतेचं एवढं वलय आहे, ती मुळात हुकमाची पानं होती. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या लोकांनी नेहमीच्या कॅटाला कायमचा हुकूम जोडला आणि एक नवा खेळ तयार केला. त्याची आज माहीत असलेली सर्वांत जुनी नोंद फ्लॉरेन्समधली, १४४० सालची आहे. हुकूम बाजूला काढला की उरतात ५६ पानं, म्हणजे चार रंग, प्रत्येक रंगात एक्का ते दश्शी आणि वर राजा, राणी, घोडेस्वार व गुलाम. आपल्या कॅटात घोडेस्वार नाही. बाकी सगळं तेच आहे.

म्हणून या पुस्तकाची सुरुवात टॅरोच्या महागड्या पेटीपासून न करता घरातल्या कॅटापासून केली आहे. फणसवाडीत, व्यंकटेशाच्या देवळापासून ठाकुरद्वारापर्यंत, गणपतीच्या जागरणाला पत्ते निघत नाहीत अशी चाळ शोधावी लागेल. पाच-तीन-दोनसाठी दुर्री ते छक्की बाजूला काढणं इथल्या शाळकरी पोरांनाही सांगावं लागत नाही. त्या पोरांना हे ठाऊक नसतं की युरोपात पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचं पहिलं मोठं पुस्तक जवळपास अशाच छाटलेल्या कॅटावर लिहिलं गेलं. १७७० मध्ये पॅरिसच्या झाँ-बातिस्त आलिएतने आपलं आडनाव उलटं लिहून ‘एतेया’ हे टोपणनाव घेतलं आणि सत्ती ते एक्का अशा ३२ पानांचे अर्थ छापले. प्रश्न विचारणाऱ्यासाठी एक जास्तीचं पान ठेवलं, त्यालाही स्वतःचंच नाव दिलं. माणूस संकोची नव्हता.

या विद्येत पाऊल ठेवणारा पहिला प्रश्न विचारतो तो असा: आपले बदाम, इस्पिक, किलवर, चौकट आणि टॅरोचे चषक, तलवारी, छड्या, नाणी यांची जोडी कशी लावायची? बदाम म्हणजे चषक आणि इस्पिक म्हणजे तलवारी, याबद्दल फारसं दुमत नाही. घोळ आहे तो किलवर आणि चौकट यांचा. आजच्या बहुतेक पुस्तकांत किलवर म्हणजे छड्या आणि चौकट म्हणजे नाणी असं छापलेलं असतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत नेमकं उलटं आढळतं. हा छपाईचा दोष नाही. दोन वेगळ्या वंशावळी इथे एकमेकींना छेदून जातात, आणि त्या ओळखता आल्या की या क्षेत्रातला निम्मा गोंधळ निवळतो. प्रस्तावनेत मी मुख्यतः तेवढंच करणार आहे.

पहिली वंशावळ खेळाची. चौदाव्या शतकात पत्ते युरोपात आले ते इजिप्तच्या मामलुक राज्याकडून. त्या धर्तीचा एक कॅट इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. त्यावर चषक, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या असे चार रंग आहेत. युरोपात पोलो कुणी खेळत नव्हतं, त्यामुळे त्या काठ्यांच्या नुसत्या दांडक्या झाल्या. इटली, स्पेन, पोर्तुगाल या देशांनी हेच रंग ठेवले आणि टॅरो त्यांच्यावरच उभा राहिला. पुढे १४८० च्या सुमारास फ्रान्समध्ये सोपी, एका ठशात छापता येणारी चिन्हं आली आणि तीच आज आपल्या हातात आहेत. जुन्या-नव्या चिन्हांची खेळाडूंनी कशी सांगड घातली, याची साक्ष पोर्तुगीज भाषा देते. पोर्तुगीज माणूस आजही बदामाला चषक म्हणतो, चौकटीला सोनं, इस्पिकला तलवारी आणि किलवरला काठ्या. चिन्हं बदलली, नावं राहिली. म्हणजे खेळाच्या वंशावळीत किलवर हे छड्यांचं आणि चौकट ही नाण्यांची.

या घराण्याची एक शाखा आपल्याकडेही आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा दहा रंगांची, १२० गोल पानांची. तिचे नियम ज्याला माहीत आहेत त्याला ठाऊक असतं की निम्म्या रंगांत दश्शी वरचढ असते आणि निम्म्यांत एक्का. टॅरोच्या जुन्या खेळातही हीच तऱ्हा होती. तलवारी आणि छड्या या लांब रंगांत मोठा आकडा जिंकायचा, तर चषक आणि नाणी या गोल रंगांत लहान. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकल डमेट यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथात टॅरोचा खेळ म्हणून इतिहास बारकाईने मांडला, तेव्हा अशा नियमांना त्यांनी मोठं महत्त्व दिलं. आपल्यासाठी मुद्दा एवढाच की चार रंगांचे मूळ गट ‘शुभ-अशुभ’ असे नव्हते. ते ‘लांब-गोल’ होते आणि हिशेब डाव जिंकण्याचा होता.

आता दुसरी वंशावळ, भाकिताची. ती बरीच उशिराची आहे. १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच पंडिताने आपल्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात टॅरो हा प्राचीन इजिप्तचा ज्ञानग्रंथ असल्याचा दावा केला. पुरावा काहीच नव्हता, तरी लोकांना तो फार आवडला. त्याच खंडात काउंट द मेले यांचा एक लेख आहे. त्यात चार रंगांचे अर्थ अगदी थोडक्यात येतात: बदाम, म्हणजे चषक, सुख सांगतात, किलवर, म्हणजे नाणी, संपत्ती, इस्पिक, म्हणजे तलवारी, दुर्दैव, आणि चौकट, म्हणजे छड्या, उदासीनता आणि गावाकडचा भाग.

इथेच किलवर आणि चौकट यांनी जागा बदलल्या. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. फ्रान्समधल्या पत्ते बघणाऱ्या बायकांकडे ३२ पानांच्या कॅटाचे अर्थ आधीच रुळलेले होते. किलवर भाग्याचं आणि म्हणून पैशाचं. चौकट प्रवासाची, बातम्यांची, दिरंगाईची. टॅरो हातात आला तेव्हा या मंडळींनी खेळाडूंना विचारलं नाही. पैशाचा रंग पैशाच्या चिन्हाला, म्हणजे नाण्यांना, जोडला आणि उरलेली चौकट उरलेल्या छड्यांना. एतेयाने पुढे टॅरोवर लिहिलं तेव्हा हीच जोडी पकडली. १८८८ मध्ये लंडनमध्ये मॅथर्सने टॅरोवर छोटी पुस्तिका काढली, तिच्यातही छड्या म्हणजे चौकट आणि नाणी म्हणजे किलवर असंच आहे. हाच मॅथर्स त्याच वर्षी ‘गोल्डन डॉन’ या गूढपंथाच्या संस्थापकांत होता, हे लक्षात ठेवा. कारण आज बाजारात सर्वाधिक दिसणारा टॅरो त्याच पंथातल्या दोघांनी केला. आर्थर वेटने योजला, पामेला कोलमन स्मिथने चितारला आणि लंडनच्या रायडरने १९०९ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केला.

विसाव्या शतकात मात्र पुस्तकांनी हळूहळू खेळाची जोडी उचलली. छड्या म्हणजे अग्नी, उद्योग, आणि म्हणून किलवर. नाणी म्हणजे पृथ्वी, पैसा, आणि म्हणून चौकट. इतिहास म्हणून हे बरोबरच आहे. अडचण अशी की वेटच्या टॅरोतल्या आकड्यांच्या पानांचे कितीतरी अर्थ आधीच एतेयाकडून आलेले होते, म्हणजे ते जुन्या, उलट्या जोडीवर बेतलेले होते. नाव एका घराण्याचं आणि रक्त दुसऱ्या घराण्याचं, असा हा प्रकार.

हे नुसतं म्हणून भागणार नाही, खुणा दाखवायला हव्यात. फ्रेंच परंपरेत चौकट नव्वी म्हणजे विलंब. एतेयाच्या टॅरोत छड्यांच्या नव्वीवर हाच शब्द आहे. वेटच्या पुस्तकात छड्यांच्या नव्वीला विरोधात टिकून राहणारं बळ असा अर्थ दिला आहे आणि त्यामागून विलंब, स्थगिती, तहकुबी असे शब्द येतात. चित्रात डोक्याला पट्टी बांधलेला माणूस काठी धरून उभा आहे. त्यात तहकुबी शोधून सापडणार नाही, ती चौकटीकडून आलेली आहे. दुसरी खूण छड्यांच्या राजाची. वेट त्याला गावाकडचा माणूस म्हणतो. अग्नितत्त्वाच्या, उद्योगाच्या रंगाचा राजा गावाकडचा का? कारण मेलेच्या लेखापासून चौकट गावाची. अशा खुणा एकदा दिसू लागल्या की टॅरोचं कुठलंही पुस्तक उघडून कोणता अर्थ कुठून आला हे बऱ्यापैकी सांगता येतं.

आता हे प्रत्यक्ष मांडणीत काय करतं ते पाहू. समजा, कुणी विचारलं, “आमच्या चाळीचा पुनर्विकास मार्गी लागणार का?” फणसवाडीत यापेक्षा जास्त विचारला जाणारा प्रश्न मला माहीत नाही. ३२ पानांचा कॅट पिसला, काटला आणि तीन पानं डावीकडून उजवीकडे मांडली. पहिलं आजच्या परिस्थितीचं, दुसरं मधल्या काळाचं, तिसरं शेवटाचं. पानं आली ती अशी: किलवर दश्शी, चौकट नव्वी, बदाम नव्वी.

जुन्या जोडीने वाचू. किलवर दश्शी म्हणजे नाण्यांची दश्शी. एतेया तिला ‘घर’ म्हणतो. वेटकडेही लाभ, संपत्ती यांच्याबरोबर कुटुंबाचं राहतं ठिकाण हा अर्थ शिल्लक आहे. म्हणजे प्रश्न ज्याबद्दल आहे तेच पान समोर आलं. चौकट नव्वी म्हणजे छड्यांची नव्वी, विलंब. बदाम नव्वी म्हणजे चषकांची नव्वी: एतेयाकडे विजय, वेटकडे समाधान आणि यश, आणि इंग्रज घरांतल्या पत्तेवाचनात तर हे मनातली इच्छा पुरी होण्याचं पान. वाचन सरळ आहे: विषय घराचा, काम रखडणार, शेवट मनासारखा.

नव्या जोडीने तीच पानं वाचली तर किलवर दश्शी छड्यांची होते. स्मिथच्या चित्रात एक माणूस दहा काठ्यांच्या मोळीखाली वाकून चालला आहे आणि वेटचा अर्थ आहे दडपण, ओझं. चौकट नव्वी नाण्यांची होते: द्राक्षांच्या मळ्यात हातावर पक्षी घेऊन उभी असलेली सुखवस्तू स्त्री, भरपूर आणि सुरक्षित. बदाम नव्वी तीच राहते. आता वाचन असं: आज ओझं आहे, मधला काळ सुबत्तेचा, शेवट मनासारखा. पर्यायी जागेचं भाडं महिन्याच्या महिन्याला जमा होतंय, असं काहीतरी. ज्यांनी चाळीचा पुनर्विकास पाहिला आहे ते इथे हसतील, पण पत्त्यांना ते माहीत नसतं.

दोन्ही वाचनं आपापल्या जागी सुसंगत आहेत. चूक होते ती तिसऱ्या प्रकारात. शिकाऊ वाचकाने एका पुस्तकातून किलवर दश्शीचं ‘घर’ उचललेलं असतं आणि दुसऱ्यातून चौकट नव्वीची सुबत्ता. दोन्ही एकाच मांडणीत लावली की निघतं: घर, सुबत्ता, इच्छापूर्ती. विलंबही गेला आणि ओझंही गेलं. हे वाचन ऐकणाऱ्याला फार आवडतं आणि सांगणाऱ्याला ते आवडतंय हे दिसतं. त्यामुळे ही सवय पटकन लागते आणि सुटत नाही. ओळखायचं कसं? आपल्या वहीतल्या मांडण्या पाहा. किलवर कधी पैसा, कधी उद्योग असं होत असेल आणि दर वेळी विचारणाऱ्याच्या सोयीचाच अर्थ लागत असेल, तर जोडी एक राहिलेली नाही. या पुस्तकात साध्या कॅटासाठी सर्वत्र जुनी फ्रेंच जोडी घेतली आहे, कारण आकड्यांचे छापील अर्थ तिच्याशी जास्त जुळतात. नवी जोडी पसंत असेल तर खुशाल घ्या, फक्त पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि मध्येच बदलू नका.

एवढ्यावरून कुणाला वाटेल की निदान इस्पिक तरी पक्कं वाईट. त्यासाठी तिसरी परंपरा पाहावी लागते. न्यूरेंबर्गच्या हेख्टेल नावाच्या माणसाने १७९९ च्या सुमारास ‘आशेचा खेळ’ म्हणून ३६ पानांचा एक करमणुकीचा खेळ काढला. पॅरिसची प्रसिद्ध भविष्यवेत्ती लनोर्मां १८४३ मध्ये वारली, आणि त्यानंतर हीच पानं तिच्या नावावर विकली जाऊ लागली. तिचा त्यांच्याशी संबंध दाखवता येत नाही. प्रत्येक चित्रावर एक साधा पत्ताही छापलेला असतो. तिथे ढग, साप, चाबूक, उंदीर, डोंगर, कोल्हा आणि क्रूस ही सगळी त्रासाची पानं किलवरची आहेत. इस्पिकच्या वाट्याला जहाज, नांगर, बाग, पत्र, मूल आणि फुलांचा गुच्छ आला आहे. शवपेटी कुठे आहे? चौकट नव्वीवर. म्हणजे फ्रान्समध्ये भाग्याचं असलेलं किलवर या पानांवर कष्टाचं झालं आणि इस्पिक निवांत झालं. रंगाला स्वतःचा स्वभाव नसतो; तो त्या त्या प्रांताने दिलेला असतो.

इस्पिकच्या भीतीबद्दल एक हिशेबही सांगून टाकतो, कारण शिकवताना सर्वांत जास्त चेहरे त्यावरच पडतात. ३२ पानांच्या कॅटात ८ इस्पिक असतात. तीन पानं काढली तर त्यांत एकही इस्पिक न येण्याची शक्यता साधारण १०० त ४१ भरते. म्हणजे दर १०० मांडण्यांपैकी ५९ मांडण्यांत निदान एक इस्पिक येणारच. पूर्ण ५२ चा कॅट घेतला तरी आकडा जवळपास तोच राहतो. तेव्हा इस्पिक आलं यात बातमी काहीच नाही. ज्या वाचनात इस्पिक दिसताच आवाज खाली जातो आणि शांतीचा खर्च निघतो, तिथून उठून यावं.

दोन व्यावहारिक गोष्टी. जुन्या पुस्तकांत सरळ आणि उलट्या पानाचे वेगळे अर्थ दिलेले असतात. आजच्या कॅटात राजा-राणी दोन्हीकडून सारखेच दिसतात आणि चौकटचे आकडे तर सत्ती सोडली तर उलटे केले तरी तसेच राहतात. उलटे अर्थ वापरायचे असतील तर प्रत्येक पानाच्या एका टोकाला पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यावा. तो कॅट मग मेंढीकोटला वापरू नये, भांडणं होतात.

दुसरी गोष्ट चित्रांच्या पानांची. युरोपातल्या पुस्तकांत हे रंग केसांच्या रंगावरून माणसांना वाटून दिलेले असतात: बदामचा राजा सोनेरी केसांचा, किलवरची राणी काळ्या केसांची, वगैरे. फणसवाडीत या हिशेबाने सगळी माणसं दोनच रंगांत कोंबावी लागतील आणि अर्धा कॅट रिकामा राहील. मी त्याऐवजी नात्याने वाटणी करतो. घरातली माणसं बदाम, पैशाच्या व्यवहारातली किलवर, बाहेरून निरोप घेऊन येणारी चौकट आणि कोर्टकचेरीतली किंवा विरोधातली इस्पिक. ही वाटणी माझी आहे, कुठल्या प्राचीन ग्रंथातली नाही. चालत नसेल तर बदला.

पत्ते पुढचं सांगतात असा माझा दावा नाही, आणि तसा दावा तपासून सिद्ध झाल्याचंही माझ्या वाचनात नाही. या पुस्तकात अभ्यासाचा विषय अर्थांची व्यवस्था हा आहे: ती कुठून आली, कशी जुळते, कुठे फाटते. वरच्या उदाहरणातल्या माणसाने पुनर्विकासाचा करारनामा वकिलालाच दाखवावा, मग किलवर दश्शी येवो की न येवो.

पहिल्या प्रकरणात बदाम आणि इस्पिक घेतले आहेत, कारण त्यांच्या जोडीबद्दल वाद नाही. किलवर आणि चौकट दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणांत येतात, दोन्ही जोड्यांचे अर्थ शेजारी-शेजारी देऊन. टॅरोचा कायमचा हुकूम, ती २२ चित्रं, सर्वांत शेवटी ठेवली आहेत. त्याआधी दुर्री ते छक्कीचं एक छोटं प्रकरण आहे. एतेयाच्या ३२ पानांत ही पानं नाहीत, त्यामुळे साध्या कॅटातले त्यांचे अर्थ टॅरोवरून किंवा इतर परंपरांतून घ्यावे लागतात आणि म्हणून ते सर्वांत सैल असतात. तोपर्यंत ती २० पानं आणि जोकर वेगळ्या रबरबँडमध्ये बांधून ठेवा.

फणसवाडी, गिरगाव